दिसतो तेवढा कंस आणि काढलेली त्रिज्या

दगडांची मोजमापे अचूक घेतली, संगणकात घातली, न्यूनतम वर्ग पद्धतीने म्हणजे लीस्ट स्क्वेअर्सने त्यांवर वर्तुळ बसवले आणि उरलेला फरक लहान निघाला, की आलेली त्रिज्या विश्वासार्ह मानायची, असा आज सर्रास समज आहे. पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणात, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत आणि विद्यापीठाच्या प्रबंधांतही तो आढळतो. वर्तुळ पूर्ण किंवा निम्मे तरी दिसत असेल, तर या समजाने काही बिघडत नाही. पण वर्तुळाचा सहावा-सातवा हिस्साच शिल्लक असेल, तर हा समज चुकीचा ठरतो, आणि तो नेमका कुठे चुकतो हे अंकांनी दाखवता येते. या लेखात मला तेवढेच करायचे आहे.

उदाहरणासाठी नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानचा परिसर घेतो. कन्हान गाव पारशिवनी तालुक्यात, त्याच नावाच्या नदीच्या काठी. पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. पेंचच्या काठचे नैकुंड याच तालुक्यात आहे. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केले, आणि लोह गाळण्याच्या भट्टीमुळे हे स्थळ सर्वांना माहीत झाले. नागपूर जिल्ह्यात लोहयुगातल्या शिळावर्तुळांची स्थळे पुष्कळ आहेत : जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि हे नैकुंड. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांवर लिहिले, १९६१-६२ मध्ये जुनापाणीला बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले, आणि पुढे टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे देवांनी काम केले. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, आत माती-गोट्यांचा भराव आणि त्याखाली दफन, असे या वर्तुळांचे साधारण रूप आहे.

ही वर्तुळे नेहमी अखंड सापडत नाहीत. शेतीसाठी जमीन काढताना दगड बांधावर जातात, घराच्या जोत्यात जातात, रस्त्याच्या खडीत जातात. काही ठिकाणी कडेचे सात-आठ दगडच जागेवर राहतात. अशा वेळी मूळ वर्तुळ किती मोठे होते, असा प्रश्न येतो, आणि तो निरर्थक नाही. व्यासावरून वर्तुळांचे गट पाडतात, मोठे वर्तुळ म्हणजे मोठ्या माणसाचे दफन का, हे तपासतात, बांधणाऱ्यांकडे लांबीचे ठराविक माप होते का, तेही शोधतात. म्हणजे व्यास हा पुढच्या सगळ्या तर्काचा पाया ठरतो.

प्रतिपक्षाची बाजू मी पूर्ण जोरानिशी मांडतो, कारण दुबळी बाजू खोडण्यात अर्थ नाही. ती अशी : डोळ्याने अंदाज करण्यात माणसाचा कल शिरतो. दोरी ताणून तीन दगडांवरून केंद्र काढले, तर कोणते तीन निवडले यावर उत्तर ठरते. न्यूनतम वर्ग पद्धती सगळे दगड सारखेच मानते, कोणाची बाजू घेत नाही, आणि उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते. लजांद्रने १८०५ मध्ये ती छापली, १८०९ मध्ये गाऊसने तिला संभाव्यतेचा आधार दिला, आणि पुढे गाऊसनेच दाखवले की ठराविक अटींत याहून कमी चुकीचा निःपक्षपाती अंदाज मिळत नाही. शिवाय पद्धतीने स्वतःच स्वतःची परीक्षा दिलेली असते : दगड आणि बसवलेले वर्तुळ यांतला फरक सरासरी पंधरा सेंटिमीटर निघाला, तर त्रिज्येतली चूकही त्याच सुमाराची असणार. आणि शंका उरलीच, तर आणखी बिंदू मोजावेत.

यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. उरलेल्यांपैकी प्रत्येकात तुटक्या कंसाच्या बाबतीत एकेक खोट आहे.

हिशेबासाठी एक वर्तुळ घेऊ. हे आकडे एखाद्या विशिष्ट स्थळाचे नाहीत, पण विदर्भातल्या वर्तुळांना शोभतील असे आहेत. त्रिज्या ८ मीटर. दगड सुमारे एक-एक मीटरवर, म्हणजे पूर्ण वर्तुळात ४८. आज त्यांतले सलग ९ दगड जागेवर आहेत आणि त्यांनी केंद्राशी ६० अंशांचा कोन व्यापला आहे. टोकाच्या दोन दगडांमधली जीवा ८ मीटरची. प्रत्येक दगड खऱ्या वर्तुळापासून आत-बाहेर साधारण १५ सेंटिमीटर ढळलेला आहे. हे ढळणे टोटल स्टेशनच्या चुकीमुळे नाही. ते यंत्र मिलिमीटरमध्ये मोजते. दगड बसवताना बांधणाऱ्याने जो ढिलेपणा ठेवला, अडीच हजार वर्षांत दगड जसा कलला, आणि दगडाची आतली कड मोजायची, मधला बिंदू मोजायचा की बाहेरची कड, याबाबत मोजणाऱ्याने जी सैल निवड केली, त्या सगळ्यांची ही बेरीज आहे.

कंस लहान असला की त्रिज्येविषयीची सगळी माहिती एकाच अंतरात साठलेली असते : जीवेच्या मध्यापासून कंसाच्या माथ्यापर्यंतची उंची, म्हणजे शर. जीवा c आणि शर s असेल तर

R = c²/8s + s/2

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दोन शरांचा गुणाकार आणि अर्ध्या जीवेचा वर्ग सारखे असतात असे सांगितले, त्याचेच हे दुसरे रूप. आपल्या उदाहरणात जीवा ८ मीटर आणि शर १.०७ मीटर आहे. सूत्रात घातले की त्रिज्या ८ मीटर येते. आता शर मोजण्यात १५ सेंटिमीटरचा फरक पडला असे समजा. शर १.२२ मीटर धरला तर त्रिज्या ७.१७ मीटर येते, ०.९२ मीटर धरला तर ९.१६ मीटर. दगडाच्या अर्ध्या जाडीएवढाही नसलेला हा फरक व्यासात चार मीटरचा घोळ घालतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : घोळ दोन्ही बाजूंना सारखा नाही. शर कमी मोजला गेला तर त्रिज्या सव्वा मीटरजवळ वाढते, जास्त मोजला गेला तर मीटरभरही घटत नाही. हा एकांगीपणा पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

न्यूनतम वर्ग पद्धती फक्त तीन दगडांवर अवलंबून नसते, नऊही दगड वापरते, हे खरे. तिचाही हिशेब करून पाहू. सगळ्या नऊ दगडांना मिळून त्रिज्येतली प्रमाण चूक एका दगडाच्या ढळीच्या सुमारे साडेसहापट येते. ढळ १५ सेंटिमीटर म्हणजे त्रिज्येची चूक ९६ सेंटिमीटर. हेच ४८ दगडांचे अखंड वर्तुळ असते, तर ही चूक दोन सेंटिमीटर असती. दगड सहापटीहून थोडे कमी झाले, पण चूक चाळीसपटीपेक्षा जास्त वाढली. अर्धे वर्तुळ शिल्लक असते तर चूक सात सेंटिमीटर, तिसरा हिस्सा असता तर वीसच्या आसपास. आणि नऊऐवजी मधले पाचच दगड उरले, म्हणजे ३० अंशांचा कंस, तर साडेचार मीटरहून जास्त. आठ मीटरच्या त्रिज्येत साडेचार मीटरची चूक असेल, तर ती मोजणी झालीच नाही असे समजावे. याचे कारण सूत्रातच दिसते : कंस निम्मा झाला की शर निम्मा होत नाही, जवळजवळ चौथाई होतो. ३० अंशांत तो २७ सेंटिमीटरच राहतो, आणि त्याला ओळखायचे आहे १५ सेंटिमीटर ढळलेल्या पाच दगडांमधून.

आता प्रतिपक्षाच्या मुख्य आधाराकडे येतो : उरलेला फरक लहान, म्हणून त्रिज्या बरोबर. समजा, कोणी हट्टाने त्रिज्या ८ ऐवजी ९ मीटरच धरली आणि केंद्र मात्र मोकळे ठेवले. पद्धत केंद्र मागे सरकवेल आणि त्या मोठ्या वर्तुळाला याच नऊ दगडांवर शक्य तितके नीट बसवेल. ८ मीटरचे खरे वर्तुळ आणि हे ९ मीटरचे चुकीचे वर्तुळ यांत या ६० अंशांच्या पट्टीपुरते किती अंतर राहते? सरासरी पाच सेंटिमीटर. दगडांची स्वतःची ढळ १५ सेंटिमीटर असताना त्यात ही पाचची भर पडली, की वर्गांच्या नियमाने उरलेला फरक १५.० वरून १५.८ होतो. त्रिज्या पूर्ण एक मीटरने चुकली आणि साक्षीदार मात्र आठ मिलिमीटरने हलला! दोन मीटरने चुकवली तरी तो १८ सेंटिमीटरच्या पुढे जाणार नाही. नऊ दगडांच्या मोजणीत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

उरलेला फरक एवढेच सांगतो की हे दगड कुठल्या तरी वर्तुळावर बसू शकतात. नेमके कोणत्या, हे तो सांगू शकत नाही, कारण लहान कंसावर केंद्र आणि त्रिज्या एकमेकांची चूक झाकतात : त्रिज्या वाढली की केंद्र तेवढेच मागे जाते आणि दिसणारी कड जवळपास तिथेच राहते. अखंड वर्तुळात असे झाकता येत नाही. तिथे त्रिज्या एक मीटर चुकवली तर चारही बाजूंचे दगड मीटरभर ओरडतात. विद्यार्थ्यांना वर्तुळ बसवायला शिकवताना उदाहरण नेहमी अखंड वर्तुळाचे घेतात. माझ्या मते हा समज तिथूनच येतो : अखंड वर्तुळावर खरा ठरलेला नियम तुटक्या कंसावर बेधडक लावला जातो.

दुसरा आधार गाऊसचा. गाऊसच्या सिद्धान्ताला अटी आहेत. अज्ञात राशी रेषीय रीतीने आल्या पाहिजेत आणि चूक एकाच मोजलेल्या राशीत असली पाहिजे. वर्तुळ बसवताना दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. दगडापासून वर्तुळाच्या कडेपर्यंतच्या खऱ्या अंतरांचे वर्ग कमीत कमी करायचे तर समीकरण रेषीय राहत नाही, पुनःपुन्हा सुधारत उत्तराकडे जावे लागते. हा त्रास टाळायला एक सोपी वाट आहे आणि बऱ्याच तयार प्रोग्रॅममध्ये तीच घेतलेली असते. वर्तुळाचे समीकरण

x² + y² + Dx + Ey + F = 0

असे लिहायचे, प्रत्येक दगडासाठी डावी बाजू शून्यापासून किती दूर आहे ते बघायचे आणि त्यांचे वर्ग कमीत कमी करायचे. D, E, F रेषीय आहेत, त्यामुळे उत्तर एका झटक्यात येते. कोसा याने १९७६ मध्ये या रीतीचे आणि तिच्या चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे.

या रीतीत दोन दोष एकत्र येतात. डावी बाजू म्हणजे दगडाचे वर्तुळापासूनचे अंतर नव्हे, तर त्या अंतराला साधारण 2R ने गुणून आलेली रक्कम. म्हणजे ही रीत ज्या बेरजेला कमी करते तिच्यात त्रिज्येचा वर्ग गुणक म्हणून दडलेला असतो, आणि बेरीज कमी करण्याचा एक स्वस्त मार्ग असतो : वर्तुळच लहान करणे. दुसरे, x आणि y दोन्हींत ढळ आहे, म्हणजे गाऊसने जिथे शुद्ध राशी मानली तिथेच चूक शिरलेली आहे. त्यामुळे ही रीत तुटक्या कंसावर त्रिज्या पद्धतशीरपणे कमी दाखवते. आपल्या नऊ दगडांच्या उदाहरणात सरासरीने ती ८ ऐवजी सव्वासात मीटरच्या आसपास उत्तर देईल. ढळ १५ ऐवजी ३० सेंटिमीटर असेल, तर सहा मीटरच्याही खाली. ही चूक सुट्या नशिबाची नाही. दहा वर्तुळांची सरासरी काढून ती जाणार नाही, उलट दहाही वर्तुळे लहानच दिसतील. आता कल्पना करा, कोणी एखाद्या स्थळावरच्या अखंड आणि तुटक्या वर्तुळांचे व्यास एकाच प्रोग्रॅमने काढले आणि लिहिले की रस्त्याकडेची वर्तुळे आतल्या वर्तुळांपेक्षा लहान आहेत. रस्त्याकडेची वर्तुळे मोडलेली असल्यामुळेच लहान दिसत असतील, आणि ते शोधनिबंधात दफनविधीतला फरक म्हणून नोंदले जाईल.

प्रॅट याने १९८७ मध्ये आणि टॉबिन याने १९९१ मध्ये याच बीजगणिती रीतीला अशी अट जोडली की वर्तुळ लहान करून बेरीज घटवण्याची पळवाट बंद होते. खऱ्या अंतरांवर चालणारी भूमितीय रीतही आहेच. कोसाची रीत सोडून यांपैकी कोणतीही घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. पण यांनी कल जातो, विस्तार जात नाही. वर दिलेली ९६ सेंटिमीटरची चूक ही चांगल्या रीतीची चूक आहे. शिवाय शराच्या सूत्रात जो एकांगीपणा दिसला तो इथे टोकाला जातो. निकोलाय चेर्नोव्ह यांनी सिद्ध केले आहे की भूमितीय रीतीने काढलेल्या त्रिज्येला, ढळ नेहमीच्या प्रकारची असताना, सांत सरासरीच नसते. क्वचित प्रसंगी दगड जवळजवळ सरळ रेषेत ढळतात, शर शून्याकडे जातो आणि त्रिज्या अनंताकडे पळते. ज्या राशीला सरासरी नाही, तिला निःपक्षपाती म्हणणेही निरर्थक आहे.

त्रिज्येतल्या या अनिश्चिततेने पुढचा तर्क कसा अडतो, हे ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या वादावरून दिसते. ऑक्सफर्डचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांनी ब्रिटनमधल्या शेकडो शिळावर्तुळांची जातीने मोजणी केली आणि १९६७ च्या आपल्या पुस्तकात मांडले की बांधणाऱ्यांकडे २.७२ फुटांचा, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटरचा, एक ठराविक गज होता. त्यावर आजही वाद आहे. तो मी इथे सोडवत नाही. पण त्यातला एक निकष आपल्याला थेट लागू पडतो. ८३ सेंटिमीटरचे एकक व्यासांतून शोधायचे असेल, तर व्यासाची चूक त्याच्या चौथाईच्या आत तरी हवी. आपल्या ६० अंशांच्या कंसाचा व्यास १.९ मीटरने अनिश्चित आहे, म्हणजे दोन गजांहून जास्त. असे वर्तुळ त्या शोधात पुरावा म्हणून घेताच येत नाही, मग बाजूने असो की विरुद्ध. विदर्भातल्या वर्तुळांत कोणी एकक शोधणार असेल, तर पहिले काम तुटकी वर्तुळे यादीतून बाजूला काढण्याचे आहे, आणि बाजूला काढण्याची कसोटी दगडांची संख्या नव्हे, त्यांनी व्यापलेला कोन असावी.

तिसरा आधार : आणखी बिंदू मोजा. आज प्रत्येक दगडावर लेसरने हजार बिंदू घेता येतात. मग संगणक नऊऐवजी नऊ हजार बिंदूंवर वर्तुळ बसवतो आणि त्रिज्येची चूक ३ सेंटिमीटर असे छापतो. हा आकडा खोटा असतो. एका दगडावरचे हजार बिंदू तो दगड एकदाच कसा ढळला हेच हजार वेळा सांगतात. स्वतंत्र साक्षी नऊच असतात. नवे दगड मिळाले तर गोष्ट वेगळी, पण तेही त्याच पट्टीत मिळाले तर फायदा वर्गमुळाने होतो : चूक निम्मी करायला चौपट दगड हवेत.

त्याउलट ही गोष्ट पाहा. नऊ दगड तसेच ठेवा आणि समोरच्या बाजूला, केंद्राच्या पलीकडे, एकच दगड जागेवर मिळाला असे समजा, ढळ तीच १५ सेंटिमीटर. पुन्हा हिशेब केला तर त्रिज्येची चूक ९६ सेंटिमीटरवरून ८ वर येते. तेवढी सुधारणा आधीच्याच पट्टीत दगड वाढवून मिळवायची तर दगडांची संख्या दीडशेपट करावी लागली असती.

आता खंडनाच्या पुढे, मग करायचे काय? त्याचे निम्मे उत्तर कन्हान जंक्शनवरच आहे. हावड्याकडे जाणाऱ्या मुख्य मार्गातून रामटेकची शाखा इथून फुटते. रेल्वेच्या वळणाची त्रिज्या शेकडो मीटर असते आणि रुळाजवळ उभ्या माणसाला त्याचा लहानसा कंसच हाताशी मिळतो. म्हणजे आपलाच प्रश्न, आणखी अवघड रूपात. मार्गाची देखभाल करणारे कर्मचारी तिथे काय करतात? रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरची दोरी ताणतात, मधोमध शर मिलिमीटरमध्ये मोजतात, त्याला ते व्हर्साइन म्हणतात, आणि दर दहा मीटरवर हे करत पुढे जातात. २० मीटरच्या दोरीला शर म्हणजे ५०,००० भागिले त्रिज्या. ८७५ मीटरच्या वळणावर तो ५७ मिलिमीटर येतो, आणि तिथे एका मिलिमीटरच्या चुकीने त्रिज्या पंधरा मीटरने बदलते. म्हणून ते एका दोरीवरून त्रिज्या जाहीर करत नाहीत. नोंदवहीत शर लिहितात, लगतच्या स्थानांचे शर एकमेकांशी ताडून पाहतात आणि वळणाची दुरुस्तीही शरांच्याच हिशेबात करतात. जी राशी खरोखर मोजली जाते तिच्यातच बोलायचे, ही त्यांची शिस्त मला संशोधकांच्या टेबलांत हवी आहे.

शिळावर्तुळासाठी तिचे रूप असे. त्रिज्येऐवजी वक्रता, म्हणजे १ भागिले त्रिज्या, काढावी आणि चूक तिच्यावर लिहावी. वक्रता शराच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तिची चूक दोन्ही बाजूंना सारखी राहते आणि दगड सरळ रेषेत आले तरी ती अनंताकडे पळत नाही, शून्यावर येऊन थांबते. आपल्या उदाहरणात वक्रता दर मीटरला ०.१२५, अधिक-उणे ०.०१५. दोन प्रमाण चुकांपर्यंत गेलो तर ०.०९५ ते ०.१५५. उलटे करून त्रिज्येत आणले की साडेदहा ते साडेसहा मीटर, म्हणजे व्यास १३ ते २१ मीटरच्या दरम्यान कुठेही. तक्त्यात ‘व्यास १६ मीटर’ न लिहिता ‘१३ ते २१ मीटर, कंस ६०°, दगड ९’ असे लिहावे. ज्याला हे फार ढगळ वाटेल त्याने लक्षात घ्यावे की नऊ दगडांकडे एवढेच ज्ञान आहे. सोळा हा आकडा लिहिल्याने ते वाढत नाही.

हिशेबाची रीत अवघड नाही, फारशी गणिताची तयारीही लागत नाही. त्रिज्या ५ मीटरपासून १५ मीटरपर्यंत पाव-पाव मीटरने ठरवून घ्यावी, प्रत्येक वेळी फक्त केंद्र मोकळे ठेवून वर्तुळ बसवावे आणि उरलेला फरक आलेखावर मांडावा. आलेख खोल, अरुंद दरीसारखा दिसला तर त्रिज्या खरोखर ठरली आहे. पसरट ताटलीसारखा दिसला तर ताटलीचा सगळा तळ उत्तर आहे, मधला बिंदू नव्हे. यासोबत टोकाचा एकेक दगड वगळून पुन्हा वर्तुळ बसवावे. शराचे मोजमाप टोकाच्या दगडांवर टेकलेले असते, म्हणून नांगराच्या फाळाने सरकलेला एक टोकाचा दगड सगळी त्रिज्या फिरवू शकतो. तो वगळताच उत्तर मीटरभर उडी मारत असेल, तर ती त्रिज्या त्या एकाच दगडाची होती. आणि मोजण्यापूर्वीच ठरवावे की सगळ्या दगडांची आतली कड मोजायची की मधला बिंदू. आतली कड सरसकट मोजली तर त्रिज्या अर्ध्या जाडीने कमी येईल, ते नंतर मिळवता येते. कधी आतली, कधी बाहेरची अशी सरमिसळ झाली तर ती ढळीत जमा होते आणि साडेसहाने गुणली जाते.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र संगणकात होत नाही, जमिनीवर होते. १३ ते २१ मीटर हा पट्टा उपयोगाचा आहे, कारण तो कुठे शोधायचे ते सांगतो. कंसाच्या माथ्यापासून, जीवेच्या मध्यातून जाणारी सरळ रेषा आत न्यावी. समोरची कड त्या रेषेला माथ्यापासून १३ ते २१ मीटरच्या दरम्यान कुठेतरी छेदत असणार. दगड उपटून नेले तरी त्यांचे खड्डे मातीच्या रंगातून आणि आधाराला ठोकलेल्या लहान गोट्यांतून पुष्कळदा ओळखू येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घेऊन त्या आठ मीटरांत दीड मीटर रुंदीचा एक चर घेतला तर, मूळ दगड एक-एक मीटरवर होते म्हणून, किमान एका दगडाचा खड्डा त्यात यायलाच हवा. खड्डा सापडला की तो मूळचाच आहे याची खात्री मात्र दुप्पट काळजीने करावी, कारण या एका बिंदूवर आता सगळा भार आहे : तो मीटरभर चुकला तर त्रिज्या अर्ध्या मीटरने चुकेल आणि नऊ दगडांचा उरलेला फरक त्याबद्दल काहीच कळू देणार नाही. खड्ड्यात आधाराचे गोटे जागेवर असतील आणि शेजारी मीटरभरावर दुसरा खड्डा असेल, तर तो घ्यावा. नुसता लोळलेला दगड असेल तर घेऊ नये, आणि तक्त्यात १३ ते २१ तसेच राहू द्यावे.